लघुकथा : खरखर (ट्रान्झिस्टरची गोष्ट, जाणकारांनी तांत्रिक बाजूही बघावी)

भुईकोट (धागाकर्ता)

गोष्ट 1980 नंतरच्या दशकातली, तासगाव तालुक्यातली आहे. घर आणि माणसं काल्पनिक, ट्रान्झिस्टरचं दुखणं मात्र खरं, आमच्याच घरातलं. गोष्ट म्हणून कशी वाटते ते सांगाच, पण रेडिओ दुरुस्त करणारी मंडळी इथे असतील तर त्यांनी पमीचं डोकं बरोबर चाललंय का तेही बघावं.

खरखर

सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या आणि संध्याकाळचे बाजारभाव, या दोन वेळांना आबा ट्रान्झिस्टर कानाला लावायचे आणि घरातल्या बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा नियम होता. थंडी सुरू झाली आणि नियमाचा काही उपयोग राहिला नाही. घर गप्प बसायचं, ट्रान्झिस्टरच बडबडायचा.

"सांगलीच्या बाजारात हळदीचा भाव क्विंटलला खर्रर्र शे खर्र रुपये."

"किती म्हणाला रं?" आबा.

"खर्रर्र म्हणाला," दिन्याकाका म्हणाले, आणि ओट्यावरून उठून गोठ्याकडे गेले. आबांच्या हातात तेव्हा काठी असायची.

घरात प्रत्येकाचं एक निदान होतं. आजीच्या मते आत झुरळ शिरलं होतं. काकांच्या मते स्टेशनच मरतुकडं झालं होतं. आई म्हणायची सेल संपले असतील, म्हणून नवे तीन मोठे सेल आणून झाले, खरखर तशीच. शेवटी काका तालुक्याला जाऊन एका दुकानातून दुरुस्त करून घेऊन आले. दुकानदारानं सेलची स्प्रिंग पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली होती आणि पंधरा रुपये घेतले होते. चार दिवस आवाज स्वच्छ आला. पाचव्या दिवशी हळद परत खर्रर्र शे.

पमी सहावीत होती. तिला हळदीच्या भावाचं काही देणंघेणं नव्हतं, पण रविवारची गाणी हवी होती, आणि आबा वैतागले की ट्रान्झिस्टर कपाटात कुलूपबंद व्हायचा. शिवाय तिला एक गोष्ट खटकत होती. खरखर मधेच थांबायची. स्टेशन मरतुकडं असेल तर ते मधेच धडधाकट कसं होतं?

दुपारी आबांचा डोळा लागला की ती ट्रान्झिस्टर घेऊन अंगणात लिंबाच्या झाडाखाली जायची. घरातल्या ट्यूबलाइटचा दोष असेल तर बाहेर आवाज सुधारायला हवा. नाही सुधारला. काटा सांगलीवरून, बाराच्या जरा पुढून, पुण्याकडे आठाच्या जवळ नेला. तिथंही तेच. मग दोन स्टेशनांच्या मधे, जिथं नुसता फस्स आवाज येतो तिथं ठेवला. फस्स चालू होतं आणि त्याच्यावर आपली खर्र, खर्र वेगळी.

मग तिनं आवाजाचं बटण हळूहळू मागं घेतलं. गाणं बारीक झालं, आणखी बारीक झालं, नाहीसं झालं. बटण आता बंद होण्याच्या टिचकीच्या अगदी अलीकडं होतं. तिनं ट्रान्झिस्टर कानाला लावला.

खर्र.

बारीक, पण होती. गाणं गेलं होतं आणि खरखर राहिली होती. ती बराच वेळ तशीच बसली. खरखर गाण्याबरोबर हवेतून येत असती तर गाण्याबरोबरच गेली असती. म्हणजे ही बाहेरून येतच नव्हती. आकाशवाणीचा काही दोष नव्हता, झाडांचा नव्हता, ढगांचा नव्हता. ही घरातच राहणारी होती.

ट्रान्झिस्टर मांडीवर आडवा घेताना तिचा अंगठा पाठीमागं, खालच्या कोपऱ्यात दाबला गेला आणि खरखर थांबली. अंगठा काढला, आली. दाबला, थांबली.

पाठीचा स्क्रू चार आण्याच्या नाण्यानं उघडतो हे तिला माहीत होतं, सेल बदलताना तिनं पाहिलं होतं. आत काळी कांडी, तिच्यावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार, आणि त्या तारेला हात लावायचा नाही अशी काकांची सक्त ताकीद. तिकडं ती गेलीच नाही. अंगठा जिथं दाबला होता तिथं सेलचं खोकं होतं. दुकानदारानं घासलेली स्प्रिंग चकचकत होती. तिच्यात खोट दिसेना. मग तिनं सेल काढून खोकं उलटं करून पाहिलं. स्प्रिंगचा पाय एका रिवेटनं पितळी पट्टीला ठोकलेला होता, आणि त्या पट्टीला काळी वायर डागलेली. रिवेटच्या भोवती हिरवं जमलं होतं, आणि हिरव्याच्या कडेला पांढरी भुकटी. कधीकाळी एखाद्या सेलचा मसाला गळला असणार. दुकानदारानं पुढची बाजू घासली होती. मागं कुणी बघितलंच नव्हतं.

पण नुसतं हिरवं दिसलं म्हणून चोर सापडला असं होत नाही. आबांची तीन सेलची बॅटरी खुंटीला टांगलेली असायची. पमीनं तिचा बल्ब काढला, त्याला दोन वायरी गुंडाळल्या, आणि ट्रान्झिस्टरचे सेल खोक्यात परत बसवले. एक वायर वरच्या टोकाला, जिथून लाल वायर निघते तिथं. दुसरी स्प्रिंगला. बल्ब लख्ख पेटला. मग दुसरी वायर स्प्रिंगवरून उचलून मागच्या पट्टीला लावली. बल्ब पिवळा पडला. स्प्रिंग बोटानं हलवली तर लुकलुकला.

स्प्रिंग आणि पट्टी यांच्यात अंतर किती? रिवेटच्या जाडीएवढं. तेवढ्यात उजेड कुठंतरी खाल्ला जात होता.

आजीच्या देवघरातली एक वात आणि अर्धं लिंबू घेऊन तिनं हिरवं पुसलं, ओल्या फडक्यानं लिंबू पुसून काढलं, आणि खोकं उन्हात वाळत ठेवलं. परत बल्ब. आता पिवळा नव्हता, पण स्प्रिंग हलवली की अजून फडफडायचाच. हिरवं रिवेटच्या आत शिरलं होतं, आणि आत ना वात जात होती ना लिंबू.

काकांनी मोटरीची वायर जोडून उरलेला तुकडा कोनाड्यात टाकला होता. पमीनं तो दातानं सोलला. तांब्याच्या तारा एकत्र पिळल्या, एक टोक स्प्रिंगच्या अगदी खालच्या वेढ्याला घट्ट गुंडाळलं, दुसरं पट्टीच्या भोकातून ओवून काळ्या वायरीपाशी पिळून टाकलं. वीज आता रिवेटमधून जावो न जावो, तिला दुसरी वाट होती. बल्ब लख्ख. स्प्रिंग हलवली, लख्ख.

पाठ लावली, टिचकी दिली, बटण शून्यापाशी ठेवून कान लावला. काही नाही. आवाज वाढवला तर कुणीतरी द्राक्षावरच्या भुरीबद्दल बोलत होतं, आणि शब्दन् शब्द कळत होता.

"कुणी उघडलं ते?" ओट्यावरून आबा.

"मी."

"बंद पाडलास?"

"चालू केला."

संध्याकाळी घर गप्प बसलं. बाजारभाव सुरू झाले. हळदीचा आकडा शेंड्यापासून बुडख्यापर्यंत स्वच्छ आला. आबांनी ट्रान्झिस्टर कानापासून खाली घेतला, बोटांवर काहीतरी हिशेब केला, आणि पायात वहाणा सरकवत म्हणाले, "दिन्या, गाडी जुप. त्या अडत्यानं मला कुठला भाव सांगितला हुता ते बघतो मी."

---

अवंती_क

मस्त! शेवट आवडला. ट्रान्झिस्टर दुरुस्त झाल्यावर आबा नातीला जवळ घेऊन डोळे पुसतील अशी भीती वाटत होती, ते अडत्याकडे निघाले हे बरं झालं.

एक शंका. त्या काळात अकरा वर्षांच्या मुलीला घरातला ट्रान्झिस्टर उघडू दिला असता का? आमच्याकडे त्याला चामड्याचं शिवलेलं पाकीट होतं, आणि पाकिटाला हात लावायलाही परवानगी लागायची.

भुईकोट

उघडू दिला नसताच. म्हणून तर आबा झोपलेले आहेत.

राजे_निंबाळकरवाडी

कथा छान, पण निदान चुकलंय. खरखर म्हणजे शंभरातल्या नव्वद वेळा व्हॉल्यूम कंट्रोल. आत कार्बनची पट्टी असते, तिच्यावर धूळ बसते, किंवा आपण आवाज नेहमी ज्या जागी ठेवतो तिथंच ती झिजते. आमच्या घरी हाच उपाय: बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत भराभर वीस-तीस वेळा फिरवायचं. नाहीच गेलं तर फटीतून स्पिरिटचे दोन थेंब सोडून परत फिरवायचं. पट्टी झिजलीच असेल तर शिसपेन्सिलीनं गिरवायचं. पमीनं आधी हे करायला हवं होतं, स्क्रू उघडायची गरजच नव्हती.

टिकोजीराव

आणि सेलचाच दोष असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी घडी करून स्प्रिंगवर ठेवायची, झालं काम. एवढी वायर सोलत बसायला नको. गावाकडं सगळे हेच करायचे.

शमा_वि

माफ करा, थोडं अवांतर. माझ्या आईचा रेडिओ आहे, पुण्याजवळच राहते, आकाशवाणी पुणे केंद्र ऐकते, 792 वालं. दिवसभर नीट लागतो आणि संध्याकाळी घूंऽऽ असा आवाज येतो. मी कालच सेलची स्प्रिंग लिंबानं पुसली, काही फरक नाही. आता वायर गुंडाळू का?

जुना_कंडेन्सर

साताऱ्याकडे माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, टीव्ही आले तेव्हा टीव्ही, आता काहीच नाही. धागा बघून राहवलं नाही.

आधी राजे. तुम्ही सांगितलेला आजार खरा, उपायही खरा, पण तो या पेशंटचा नाही. कंट्रोल खराब असेल तर बटण फिरवताना खरखरतं, हात काढला की बहुतेक वेळा शांत होतं. इथं ट्रान्झिस्टर नुसता धरून बसलं तरी खरखर आहे, आणि मुलीनं बटण शून्यावर आणून ऐकलंय. ही परीक्षा लेखकानं कुठून घेतली माहीत नाही, पण दुकानात आलेल्या प्रत्येक सेटची पहिली परीक्षा हीच असायची. बटण शून्यावर नेलं की अँटेना, गँग, मधले डबे, सगळ्यांचा आवाज कंट्रोलपाशीच अडतो. तरीही जे ऐकू येतं ते कंट्रोलच्या पुढचं, म्हणजे शेवटचे ट्रान्झिस्टर आणि स्पीकर, नाहीतर सेलकडून येणारं. अर्धा सेट एका झटक्यात बाजूला पडला. उरलेल्या अर्ध्यात हलवल्यावर, दाबल्यावर फरक पडतो म्हणजे कुठेतरी जोड सुटतोय.

आता राजे जिथं बरोबर आहेत ते सांगतो. चालू-बंदची टिचकी त्याच कंट्रोलच्या पाठीवर बसवलेली असते, आणि सेलची वीज त्या टिचकीतून जाते. आतले पत्रे काळे पडले तर हुबेहूब अशीच खरखर येते, शून्यावरसुद्धा. म्हणजे कंट्रोलवर संशय घ्यायला हरकत नव्हती, फक्त कार्बनच्या पट्टीवर नाही. पण पमीनं बल्ब टिचकीच्या अलीकडे, सरळ सेलच्या खोक्यावर लावला, आणि दोष तिथंच दिसला. टिचकी सुटली त्यातून.

पेन्सिलीबद्दल: करू नका. शिसं गिरवलं की त्या जागेचा रेझिस्टन्स बदलतो, आवाज एकदम उडी मारतो, आणि भुकटी पसरून थोड्या दिवसांत परत खरखर. झिजलेला कंट्रोल बदलायचा असतो. घेताना नुसतं मूल्य बघू नका, ऑडिओचा लॉग कंट्रोल मागा, नाहीतर सगळा आवाज बटणाच्या सुरुवातीच्याच थोड्या भागात येतो.

टिकोजीराव, चांदी स्प्रिंग आणि सेल यांच्यामधे बसते. इथं दोष स्प्रिंगच्या मागं आहे. चांदीनं स्प्रिंग थोडी जास्त दाबली जाईल, रिवेटवर जोर येईल, आणि दोन दिवस बरं वाटेल. त्या दुकानदाराच्या पॉलिश पेपरनं चार दिवस बरं का वाटलं, तर त्याचंही कारण हेच. घासताना स्प्रिंग हलली, रिवेट हललं, आतला हिरवा थर तडकला.

राजे_निंबाळकरवाडी

टिचकीचा मुद्दा मान्य. पेन्सिलीचा नाही. आमच्या वडिलांचा सेट पेन्सिलीवर वर्षानुवर्षं चालला.

जुना_कंडेन्सर

मग वडिलांचा हात हलका असणार. माझ्याकडे पेन्सिलवाले सेट दुरुस्तीला यायचे, चालणारे कशाला येतील!

मोजमाप

मला एक कळलं नाही. रिवेट थोडं हिरवं झालं तर एवढा परिणाम? रेडिओ तर किती कमी वीज घेतो. बॅटरीचा बल्ब खूप घेतो म्हणून तो पिवळा पडला, हे समजू शकतो. पण रेडिओ?

जुना_कंडेन्सर

प्रश्न चांगला आहे, गोष्टीत याचं उत्तर नाही आणि असायलाही नको.

असा छोटा सेट गप्प असताना दहा-वीस मिलीअँपिअर घेतो. आवाज मोठा केला, ढोलकी वाजली, की त्या क्षणापुरती मागणी शंभर-दीडशेवर जाते, कारण शेवटची ट्रान्झिस्टरची जोडी आवाजाच्या जोराप्रमाणे वीज ओढते. समजा रिवेटमधे पाच ओहम अडथळा आहे. वीस मिलीअँपिअरला तिथं दहावा हिस्सा व्होल्ट खाल्ला जाईल, कुणाला कळणार नाही. दीडशेला पाऊण व्होल्ट खाल्ला जाईल. साडेचारातून पाऊण गेले म्हणजे आवाज मोठ्या स्वराला फाटणार. हे झालं अडथळा स्थिर असेल तर. इथं तो स्थिर नाही. स्पीकर वाजतो, पेटी थरथरते, रिवेट थरथरतं, अडथळा क्षणाक्षणाला बदलतो. त्या बदलाचीच खर्र होते.

बल्बचं म्हणाल तर मुलीनं नकळत फार योग्य वस्तू निवडली. बॅटरीचा बल्ब तीनशे मिलीअँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे रेडिओ जेवढं ओढेल त्याच्या वरच. नुसत्या मीटरनं खोक्यावरचे व्होल्ट मोजले असते, तेही सेट बंद ठेवून, तर साडेचार पूर्ण दिसले असते आणि दोष लपला असता. कित्येक नवशिके पोरं इथंच फसायची: "काका, व्होल्टेज तर बरोबर आहे." भार नसताना सगळेच जोड बरोबर असतात.

आज घरी मीटर असेल तर सेट चालू ठेवा, आवाज मोठा ठेवा, एक टोक स्प्रिंगला आणि दुसरं मागच्या पट्टीला लावा. चांगल्या जोडावर मीटर जवळजवळ शून्यच दाखवेल. दहावा हिस्सा व्होल्ट किंवा जास्त दिसला आणि आकडा नाचत असेल, तर जोड गेला समजा.

एक शंका मात्र लेखकाला. सेलच्या दोन्ही टोकांमधे, सर्किटवर, एक मोठा कंडेन्सर असतो, शंभर-दोनशे मायक्रोफॅरडचा. असली क्षणभराची तुटफूट तो बऱ्यापैकी भरून काढतो. तुमच्या सेटमधे शून्यावरही खरखर ऐकू येत होती म्हणजे मला वाटतं तो कंडेन्सरही वाळलेला असणार. सेल जुने झाल्यावर फट-फट-फट असा मोटरबोटीसारखा आवाज यायचा का?

भुईकोट

यायचा! आम्ही त्याला इंजिन म्हणायचो. सेल उतरले की इंजिन सुरू, मग नवे सेल.

जुना_कंडेन्सर

मग झालंच. पमीनं अर्धं दुखणं बरं केलं. वाळलेला कंडेन्सर बदलला असता तर तेच सेल आणखी बरेच दिवस चालले असते. गोष्टीत घालू नका, कथा बिघडेल.

कळसूबाईची_लेक

लिंबाबद्दल विचारायचं होतं. मी वाचलं होतं की गळलेल्या सेलवर लिंबू किंवा व्हिनेगर, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं की खायचा सोडा. दोन्ही कसं बरोबर?

जुना_कंडेन्सर

सेल कुठला त्यावर. आजचे अल्कलाइन सेल गळले की क्षार येतो, त्याला लिंबू, व्हिनेगर चालतं. त्या काळचे लाल-निळे झिंक कार्बन सेल, त्यांचा मसाला आंबट बाजूचा असतो, त्याला सोड्याचं पाणी जास्त योग्य. पण पमी मसाला पुसत नव्हती, तांब्या-पितळेवरचं हिरवं काढत होती, आणि हिरवं लिंबानं निघतं. देवाची भांडी घासणाऱ्या घरात हे कुणालाही माहीत. फक्त लिंबू तिथं राहू द्यायचं नाही. तिनं ओल्या फडक्यानं पुसून वाळवलं, ते महत्त्वाचं. माझ्याकडे लिंबू पिळून तसेच बंद केलेले सेट आले आहेत, स्प्रिंग तुटून पडलेली असायची.

गावठी_मेकॅनिक

आमच्या वडिलांनी असाच जोड कंदील-डब्यांना डाग देणाऱ्याकडून मारून आणला होता. पक्का बसला. पमीनं नुसती तार गुंडाळली, ती परत काळी पडणारच की.

जुना_कंडेन्सर

गुंडाळलेली तार कायमची नव्हे, हे बरोबर. वर्ष-दोन वर्षं जाईल, मग परत खर्र. पण डब्यांना डाग देणारे तेजाब वापरतात. पत्र्याला ते चालतं, रेडिओला नाही. धुऊन निघालं नाही तर थोड्याच महिन्यांत तिथंच परत हिरवं येतं आणि वायर आतून खाऊन टाकतं. रेडिओला राळेचा सोल्डर. आधी जागा घासायची, आयर्न चांगली तापू द्यायची, आणि डाग देताना खोकं प्लास्टिकचं आहे हे विसरायचं नाही. जरा जास्त वेळ टेकवली की पट्टी वितळलेल्या प्लास्टिकमधे तिरकी बसते आणि मग सेलच बसत नाहीत. नवशिक्यानं तार गुंडाळलेलीच बरी.

गावठी_मेकॅनिक

वडिलांचा जोड टिकला होता बुवा. धुतला असेल.

शमा_वि

माझं कुणी सांगेल का? वायर गुंडाळू की नको?

अवंती_क

शमा, मला तांत्रिक कळत नाही, पण गोष्टीतली परीक्षा करून बघा ना. बटण शून्यावर न्या. घूं जातं का?

शमा_वि

आत्ताच आईला फोनवर करायला लावलं. जातं. बातम्यांबरोबर घूंही जातं.

जुना_कंडेन्सर

मग वायर अजिबात गुंडाळू नका, स्प्रिंगला हातही लावू नका. तुमचं घूं हवेतून येतंय. संध्याकाळीच येतं म्हणजे संध्याकाळी काहीतरी चालू होतं. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर, इन्व्हर्टर, हे सगळे मिडीयम वेव्हवर कचरा टाकतात. आईंना एक एक करून प्लग काढायला सांगा, नुसतं बटण बंद नको. आणि रेडिओ जागच्या जागी हळूहळू फिरवून बघा. आतली काळी कांडी दिशा बघून पकडते. कांडीचं टोक कचऱ्याच्या दिशेला आलं की घूं पडतं. नशीब असेल तर पुणे तेव्हाही ऐकू येतं.

शमा_वि

सगळे प्लग काढून झाले, एक बल्ब बदलला, थोडं कमी झालं पण गेलं नाही. मग आई मेन स्विच बंद करून बसली, रेडिओ सेलवर. तरी घूं आहेच! फिरवल्यावर खिडकीकडे कांडीचं टोक आलं की जवळजवळ जातं. खिडकीच्या समोर शेजाऱ्यांची गच्ची आहे, तिथं त्यांनी दिव्यांच्या माळा लावल्यात.

टिकोजीराव

आता शेजाऱ्यांकडे लिंबू घेऊन जा.

जुना_कंडेन्सर

माळा असू शकतात, त्यांचा अडॅप्टर असू शकतो, किंवा त्याच दिशेला रस्त्यावरचा दिवा असू शकतो. कांडी दिशा सांगते, घर नंबर सांगत नाही. रेडिओ हातात धरून संध्याकाळी त्या बाजूला चालत जा, घूं कुठं वाढतं ते बघा. तोवर टेबलावर रेडिओ ज्या कोनात शांत आहे तिथं खडूनं खूण करून ठेवा.

मोजमाप

कथेकडे परत येतो. "थंडी सुरू झाली आणि नियमाचा काही उपयोग राहिला नाही" असं वाक्य आहे. खरखर थंडीतच का वाढावी? भुईकोट, हे प्रत्यक्षात होतं की कथेसाठी?

भुईकोट

प्रत्यक्षात होतं. सकाळच्या बातम्यांना सगळ्यात वाईट, दुपारी बरं. उन्हाळ्यात तर आम्ही विसरूनही गेलो होतो. का, ते मला आजही माहीत नाही.

राजे_निंबाळकरवाडी

थंडीत सेल मंदावतात. आतला मसाला गारठला की जोर कमी. सोपं आहे.

जुना_कंडेन्सर

सेल मंदावले तर आवाज बारीक होईल, फाटेल, इंजिन सुरू होईल. खर्र का होईल? मला वाटतं गारव्यानं पितळ आणि प्लास्टिक वेगवेगळं आखडतं, त्यात रिवेट ढिलं पडतं, आणि दुपारी तापल्यावर परत आवळतं.

कळसूबाईची_लेक

की दंव? ओट्यावर सकाळी सगळंच ओलसर असतं. त्या हिरव्याला ओल लागली की काही होत असेल.

जुना_कंडेन्सर

ओल लागली तर उलट वीज थोडी जास्तच वाहायला हवी, असं माझं मत. पण मसाल्याची भुकटी पाणी ओढते, त्यामुळे छातीठोक नाही सांगणार. तो सेट अजून आहे का हो भुईकोट?

भुईकोट

आहे, गावी माळ्यावर. तार तशीच गुंडाळलेली असणार.

जुना_कंडेन्सर

मग दिवाळीला गेलात की तार सोडा, सकाळी ओट्यावर आणि दुपारी उन्हात, दोन्ही वेळा सेट चालू ठेवून रिवेटवर मीटर लावा, आणि आकडे इथं टाका. जुने सेल आत राहिले असतील तर ते मात्र आजच कुणाला तरी काढायला सांगा.